हलके काम: तोंडी निरोपापासून वैद्यकीय सल्ल्यासह अर्जापर्यंत

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्वचेवरचे टाके साधारण आठ-दहा दिवसांत निघतात. जखम कोरडी होते, माणूस हिंडूफिरू लागतो आणि बघणाऱ्याला तो बरा झालेला वाटतो. आतली गोष्ट वेगळी असते. पोटाच्या स्नायूंवरचे जे चिवट आवरण कापून पुन्हा शिवलेले असते, ते खूप सावकाश जुळते. त्वचेच्या जखमांवर झालेल्या मोजमापांनुसार तीन आठवड्यांनी जखमेच्या जागी मूळच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. साधारण तीन महिन्यांनी ती 80 टक्क्यांच्या आसपास पोहोचते आणि त्यापुढे फारशी वाढत नाही. आतल्या आवरणालाही असेच काही महिने लागतात. रजा मात्र बहुधा सहा आठवड्यांत संपते. रजा संपल्यापासून जखम पुरती भरेपर्यंतच्या या काळात कर्मचारी कामावर येऊ शकतो, पण त्याचे नेहमीचे सगळे काम करू शकत नाही. त्यासाठी जी सवलत मागितली जाते तिला कार्यालयांत ‘हलके काम’ म्हणतात.

ही मागणी बहुतेक वेळा फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर होते आणि तिथेच राहते. नमुना म्हणून एका नगरपालिका रुग्णालयातील कक्षसेविकेचे, म्हणजे वॉर्डातल्या मावशींचे, कल्पित प्रकरण घेऊ. पोटावर छेद घेऊन त्यांचे गर्भाशय काढलेले आहे. शस्त्रक्रिया 5 जानेवारीला झाली, रजा 15 फेब्रुवारीपर्यंत आहे आणि सोमवारी, 16 तारखेला, रुजू व्हायचे आहे. वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला त्या असा निरोप पाठवतात:

“सिस्टर नमस्कार. सोमवारपासून येते कामावर. टाके सुकलेत पण डॉक्टरांनी जड उचलू नको म्हणून सांगितलंय. नाइटपण नको सध्या. थोडे दिवस हलकं काम दिलं तर बरं होईल. मागे त्या दुसऱ्या मावशींना दिलं होतं ना तुम्ही. बघा ना प्लीज जमलं तर.”

निरोपात खोटे काही नाही आणि सिस्टर सहृदय असतील तर पहिला आठवडा त्यावर निभावूनही जाईल. अडचण नंतर सुरू होते. सिस्टरांची बदली होते किंवा त्या रजेवर जातात, आणि नव्या सिस्टरांना काहीच ठाऊक नसते. एखाद्या दिवशी दोन मावशी गैरहजर असतात आणि ट्रॉली ढकलायला हीच बाई हाताशी असते. ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, हे कोणीच ठरवलेले नसल्याने तिसऱ्या आठवड्यात सहकाऱ्यांची कुरकुर सुरू होते. शिवाय परिचारिकेला वॉर्डातले काम वाटून देता आले तरी ड्यूटीचे स्वरूप महिनाभर बदलण्याचा अधिकार सहसा अधिसेविका किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे असतो, आणि त्यांच्या टेबलावर या विनंतीचा कागदच आलेला नसतो.

निरोप नीट वाचला तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या दिसतात. ‘जड उचलू नको’ हा डॉक्टरांचा सल्ला आहे. ‘नाइट नको’ ही कर्मचाऱ्याची इच्छा आहे. डॉक्टर तसे म्हणाले का, हे त्यातून कळत नाही. ‘दुसऱ्या मावशींना दिले होते’ ही तुलना आहे. अर्ज लिहिताना भाषा औपचारिक करणे हे सोपे काम आहे, ‘महोदय’ आणि ‘विनंती की’ कोणीही घालू शकतो. खरे काम आहे ते या तीन गोष्टी सुट्या करण्याचे. शरीराला काय झेपत नाही हे डॉक्टरांनी सांगायचे, त्यामुळे नेमून दिलेले कोणते काम अडते हे कर्मचाऱ्याने दाखवायचे, आणि त्याऐवजी कोणते काम द्यायचे हे कार्यालयाने ठरवायचे. डॉक्टरांनी वॉर्ड पाहिलेला नसतो आणि अधीक्षकांनी जखम तपासलेली नसते. दोघांना जोडणारी माहिती फक्त अर्जदाराकडे असते. तुलना तर अर्जातून पूर्ण वगळावी. दुसऱ्या मावशींचे प्रकरण वेगळे असू शकते आणि त्यांच्या आजाराची चर्चा आपल्या अर्जात करणे योग्यही नाही.

म्हणून सुरुवात अर्जाने नाही, डॉक्टरांच्या खोलीत होते. रुजू होण्याआधीच्या तपासणीला जाताना आपल्या कामाची चार-पाच ओळींची यादी लिहून न्यावी. ‘वॉर्डात काम करते’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. रुग्णाला पलंगावरून ट्रॉलीवर घेणे, ट्रॉली शस्त्रक्रियागृहापर्यंत ढकलणे, पाण्याच्या बादल्या नेणे, ओल्या कपड्यांची गाठोडी उचलणे, ऑक्सिजनचे सिलिंडर सरकवणे असे लिहिले की कामाचे वजन डोळ्यांसमोर येते. 15 लिटर पाण्याची भरलेली बादली 15 किलोंहून जड असते, हे आकडे घालून सांगितल्यावर डॉक्टरही आकड्यातच उत्तर देतात.

असा आकडा मागावा लागतो याचे कारण भारतातल्या प्रमाणपत्रांच्या चाकोरीत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेला जोडलेल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात दोनच शक्यता आहेत: अमुक काळ रजा आवश्यक आहे, किंवा व्यक्ती आता कामावर रुजू होण्यास योग्य आहे. मधली पायरी त्यात नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2010 पासून वापरात असलेल्या फिट नोटमध्ये ती छापलेलीच असते. ‘कामास योग्य नाही’ याच्या जोडीला ‘पुढील सल्ला पाळल्यास कामास योग्य असू शकेल’ असा पर्याय तिथे आहे, आणि त्याखाली चार चौकटी आहेत: हळूहळू कामावर परतणे, कामाच्या वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि कामाच्या जागी सोय करणे. आपल्याकडे असा छापील पर्याय नसला तरी डॉक्टरांना मर्यादा लिहिण्यास मनाई नाही. त्यांना तसे सुचवावे लागते, इतकेच.

सुचवले नाही तर घडणारी चूक सर्वांत महागात पडते. सरकारी नोकरीत वैद्यकीय कारणाने घेतलेल्या रजेवरून परतताना योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले ‘फिटनेस’, द्यावे लागते. डॉक्टर घाईत ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढेच लिहून सही करतात. तो कागद कार्यालयात जमा होतो आणि दोन दिवसांनी हलक्या कामाचा अर्ज येतो. मग आस्थापना शाखेतला लिपिक रास्त प्रश्न विचारतो: पूर्ण योग्य असल्याचे प्रमाणपत्र आपणच दिले आहे, मग ही मागणी कशाच्या आधारे? दोन कागद एकमेकांना छेद देतात आणि अर्ज मागे पडतो. त्यामुळे योग्यता आणि मर्यादा एकाच कागदावर, एकाच सहीखाली असणे उत्तम.

आपल्या उदाहरणातल्या मावशींना पहिल्या खेपेला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘काही दिवस हलके काम द्यावे’ एवढेच मिळाले, असे धरू. यात दिवस किती ते नाही आणि हलके म्हणजे काय तेही नाही. शिवाय ‘द्यावे’ या शब्दाने डॉक्टर कार्यालयाचा निर्णय स्वतःच घेऊ पाहतात, आणि ते अनेक अधिकाऱ्यांना खटकते. यादी दाखवून पुन्हा विचारल्यावर मिळालेले प्रमाणपत्र असे असावे:

“प्रमाणित करण्यात येते की, यांच्यावर दि. 5 जानेवारी रोजी पोटावर छेद घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली. दि. 12 फेब्रुवारी रोजी तपासणी केली असता जखम समाधानकारक भरत आहे. त्या दि. 16 फेब्रुवारीपासून पुढील मर्यादांसह कामावर रुजू होण्यास योग्य आहेत: 5 किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये; रुग्णाला उचलणे किंवा भरलेली ट्रॉली ढकलणे टाळावे; उभे राहण्याच्या कामात अधूनमधून बसण्याची मुभा असावी. या मर्यादा दि. 15 मार्चपर्यंत आहेत. फेरतपासणी दि. 12 मार्च.”

या मजकुरात आजाराचे नाव नाही, आणि ते मुद्दाम नाही. काम वाटून देणाऱ्याला कोणता अवयव काढला हे कळण्याची गरज नसते; किती किलो आणि किती दिवस, हे कळले की पुरते. हा अर्ज परिसेविका, अधिसेविका, लिपिक आणि अधीक्षक अशा अनेक हातांतून जातो. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची बातमी त्या वाटेवर पसरावी असे कोणत्याही स्त्रीला वाटणार नाही, आणि तिच्यावर ती वेळ येऊ नये. रजा मंजुरीसाठी निदान सांगावे लागलेले असेल तर ते त्या प्रकरणात आहेच. हलक्या कामाच्या अर्जात ते पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. अधिकाऱ्यांनी डिस्चार्ज कार्ड मागितलेच, तर ते बंद पाकिटात, ‘गोपनीय’ असे लिहून थेट अधीक्षकांना द्यावे.

5 किलो या आकड्याविषयी एक प्रामाणिक खुलासा आवश्यक आहे. तो निसर्गनियम नाही. जोराचा खोकला आला तरी पोटातला दाब हलके वजन उचलण्यापेक्षा जास्त वाढतो, असे मोजमापांतून दिसले आहे, आणि वजनाच्या मर्यादेबाबत शल्यचिकित्सकांत एकमत नाही. दुर्बिणीतून झालेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच झेपेल तसे सगळे करा असे सांगणारे डॉक्टर आहेत, तर पोटावर मोठा छेद असेल तर सहा ते आठ आठवडे आणि काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त काळ जपायला सांगितले जाते. वय, मधुमेह, स्थूलपणा, आधीचे छेद, जखमेत झालेला जंतुसंसर्ग यांवर ते अवलंबून असते. म्हणूनच मैत्रिणीच्या चिठ्ठीतला किंवा मोबाइलवर वाचलेला आकडा अर्जात चालत नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली किंवा जे पुढचे उपचार करीत आहेत, त्यांनी त्याच रुग्णासाठी लिहिलेला आकडा हवा. आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायची असते, त्यात रुग्णाची ओळखखूण लिहायची असते, प्रमाणपत्राची प्रत स्वतःकडे ठेवायची असते आणि कागदावर आपला नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. कार्यालयाला शंका आली तर पडताळणी याच नोंदींवरून होते. रुग्णाने उपचारांच्या नोंदी मागितल्यास त्या 72 तासांत देण्याचे बंधनही त्याच नियमांत आहे, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड हरवले असेल तरी वाट बंद होत नाही.

आता नाइटचा मुद्दा. डॉक्टरांनी रात्रपाळीला मनाई केलेली नाही. जखमेच्या दृष्टीने दिवस आणि रात्र यांत फरक नसल्याने तशी मनाई लिहायला त्या तयार झाल्या नसत्या तरी ते बरोबरच ठरले असते. मग रात्रपाळी अर्जात आणायची की नाही? आणायची, पण खऱ्या कारणासह. या वॉर्डात दिवसा तीन मावशी असतात आणि रात्री एकच. रात्री रुग्ण हलवावा लागला तर उचलायला दुसरे कोणी नसते, म्हणजे वजनाची मर्यादा पाळणेच अशक्य होते. हे कारण वैद्यकीय नाही, वॉर्डाच्या मनुष्यबळाचे आहे, आणि अधिसेविकेला ते ड्यूटीच्या तक्त्यावरून लगेच पटते. अर्जात ते अर्जदाराचे म्हणणे म्हणून वेगळ्या परिच्छेदात लिहावे, डॉक्टरांच्या तोंडी घालू नये. प्रमाणपत्रात नसलेली एक गोष्ट जरी डॉक्टरांच्या नावावर लिहिली आणि ती उघड झाली, तरी उरलेल्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास जातो.

एवढी तयारी झाल्यावर अर्ज एका पानात बसतो:

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
नगरपालिका रुग्णालय, ………

मार्फत: परिसेविका, स्त्री शल्यकक्ष, व अधिसेविका

दिनांक: 13 फेब्रुवारी

विषय: शस्त्रक्रियेनंतर दि. 16 फेब्रुवारी ते 15 मार्च या कालावधीत तात्पुरते हलके काम मिळणेबाबत.

संदर्भ: रजा मंजुरी आदेश क्र. ………, दि. ………

महोदय,

मी स्त्री शल्यकक्षात कक्षसेविका म्हणून कार्यरत आहे. माझ्यावर दि. 5 जानेवारी रोजी शस्त्रक्रिया झाली असून दि. 15 फेब्रुवारीपर्यंत मी मंजूर वैद्यकीय रजेवर आहे. दि. 16 फेब्रुवारी रोजी सकाळपाळीत मी कामावर रुजू होत आहे.

उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकांनी मला काही मर्यादांसह कामास योग्य ठरवले आहे. त्यानुसार दि. 15 मार्चपर्यंत मी 5 किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, तसेच रुग्णाला उचलणे व भरलेली ट्रॉली ढकलणे टाळावे, असा सल्ला आहे. मूळ प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

माझ्या नेमून दिलेल्या कामांपैकी रुग्णांची ने-आण, पाण्याच्या बादल्या व कपड्यांची गाठोडी उचलणे ही कामे या मर्यादेत बसत नाहीत. पलंगावरील चादरी बदलणे, रुग्णांना जेवण व पाणी देणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, केसपेपर लावणे व बाह्यरुग्ण विभागातील रांगेची व्यवस्था ही कामे मी नियमित वेळेत करू शकते.

रात्रपाळीत कक्षात एकच कक्षसेविका असल्याने रुग्ण हलवण्याच्या प्रसंगी वरील मर्यादा पाळणे मला शक्य होणार नाही. त्यामुळे या कालावधीत मला दिवसपाळी द्यावी, अशी माझी विनंती आहे. ही बाब वैद्यकीय प्रमाणपत्रात नमूद नाही.

दि. 12 मार्च रोजी फेरतपासणी असून त्यानंतरचे प्रमाणपत्र मी तात्काळ सादर करीन. तरी वरील कालावधीसाठी मला योग्य ते हलके काम देण्यात यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक)

सोबत: मर्यादांसह योग्यता प्रमाणपत्र, दि. 12 फेब्रुवारी (मूळ प्रत)

अर्जातला सर्वांत उपयोगी परिच्छेद तिसरा, म्हणजे करता येणाऱ्या कामांचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक अर्जांत नसतो. काय जमणार नाही याची यादी वाचून अधिकाऱ्यासमोर अडचण उभी राहते. काय जमेल ते लिहिले की त्याच्या हातात निर्णय येतो आणि ‘मंजूर’ असा शेरा मारणे सोपे होते. मात्र न जमणाऱ्या कामांची यादी फार लांबली तर त्याचा उलट परिणाम होतो. दहापैकी आठ कामे अडत असतील, तर ही व्यक्ती कामास योग्यच नाही, तिने रजा वाढवावी, असे कार्यालय म्हणते आणि त्या म्हणण्यात तथ्य असते.

अर्ज रुजू होण्याआधी किंवा त्याच दिवशी द्यावा. आवक शाखेत दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच हातात असेल तर पुढे कोणाची बदली झाली तरी प्रकरण पहिल्यापासून सांगावे लागत नाही. व्हॉट्सअॅपवरचा निरोप टाकून द्यायचा नाही. ‘सिस्टर, आज अधीक्षक साहेबांच्या नावे अर्ज दिला आहे, आवक क्रमांक असा आहे’ एवढे कळवायला तो उत्तम. रोजचे काम वाटून देणार आहेत त्या सिस्टरच, आणि त्यांना डावलून वरून आदेश आला असे वाटू नये.

या मागणीची कायदेशीर ताकद मर्यादित आहे, हेही माहीत असावे. शस्त्रक्रियेनंतरच्या तात्पुरत्या अशक्तपणासाठी प्रत्येक नोकरदाराला हलके काम मिळालेच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. बहुतेक ठिकाणी तो अधिकाऱ्याच्या विवेकाचा आणि त्या संस्थेच्या सेवानियमांचा प्रश्न असतो. हलके काम देता येत नाही असे उत्तर आले, तर ते लेखी मागावे आणि त्याच प्रमाणपत्राच्या आधारे रजावाढीचा अर्ज द्यावा. सरकारी रजा नियमांत वैद्यकीय कारणासाठी परिवर्तित रजा मिळते. तिच्यात पूर्ण पगार मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. चार आठवड्यांच्या परिवर्तित रजेसाठी खात्यातले 56 दिवस जातात. हलके काम मिळाले तर हे दिवस वाचतात, म्हणून नकार आल्यावरही एकदा अधिसेविकेला भेटून दुसऱ्या विभागात जागा आहे का, हे विचारण्यात अर्थ असतो.

मंजुरी मिळाल्यानंतरही मर्यादा मोडण्याचे प्रसंग येतात. कोणी हाक मारते, ‘मावशी, जरा हात लावा’, आणि नाही म्हणणे जड जाते. मंजूर अर्जाची प्रत ड्यूटीच्या तक्त्याजवळ असली तर ते समजावणे सोपे होते. छेदाच्या जागी ओढ लागून दुखणे वाढले, फुगवटा दिसला, ताप आला, किंवा या शस्त्रक्रियेच्या बाबतीत अंगावरून ताजे रक्त जाऊ लागले, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि मर्यादा बदलल्या तर नवे प्रमाणपत्र घ्यावे.

12 मार्चच्या तपासणीतून तीनपैकी एक निष्कर्ष निघतो. जखम नीट भरली असेल तर ‘कोणत्याही मर्यादेविना कामास योग्य’ असे प्रमाणपत्र मिळते, आणि ते 16 मार्चला जमा करून नेहमीची पाळी सुरू होते. आणखी वेळ लागणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज 15 तारखेच्या आत गेला पाहिजे, कारण मुदत उलटून गेल्यावर दिलेला अर्ज आधीच्या मंजुरीला जोडून धरला जात नाही. तिसरी शक्यता विरळ असते: शस्त्रक्रियेनंतर कायमचे अपंगत्व राहिल्याचे प्रमाणित झाले, तर प्रकरण हलक्या कामाचे राहत नाही. सरकारी आस्थापनेत सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 20 लागू होते. त्यानुसार अशा कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. आधीचे पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याला हलवता येते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येते. त्यासाठी सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे अपंगत्व प्रमाणपत्र आणि वेगळा अर्ज लागतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे पुरत नाही.